घरची अडचण

नोकरी का सोडली, हा प्रश्न मला गेल्या चार महिन्यांत चौघांनी विचारला. तीन कंपन्यांनी आणि एका बाईने. कंपन्यांना मी खरं सांगितलं आणि घरी बसले. बाईला खोटं सांगितलं आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

पाचव्यांदा तो प्रश्न येणार होता शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, संकेश्वरजवळ हायवेला लागून असलेल्या एका नव्या कारखान्यात. तिथून फोन आपणहून आला होता. मी अर्ज केला नव्हता. "तुमचा बायोडेटा मिळाला," एवढंच त्या माणसाने सांगितलं. कुठून मिळाला ते मी विचारलं नाही. चार महिने घरी बसलेलं माणूस असले प्रश्न विचारत नाही.

निघताना आप्पा दारात बसून माझे बूट पुसत होते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मायाप्पांनी, जन्मभर निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती उचलली. त्यांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबले. मी आमच्या घरातली पहिली इंजिनिअर. त्यामुळे माझ्या बुटांची माझ्यापेक्षा त्यांनाच काळजी जास्त.

"ह्या बारीला तरी श्यानी हो," ते म्हणाले. "का सोडलं म्हटल्यावर काय सांगायचं?"

"घरची अडचण."

"आनि फुडं?"

"आता अडचण मिटली."

"बास. लई बोलायचं न्हाय. खरं बोलून तीन जागा घालवलीस. तुझं खरं ऐकाय कोन बसलंय व्हय तितं?"

त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मुलाखतीच्या बाबतीत जाणती माणसंही हेच सांगतात. उत्तर थोडक्यात द्या, जुन्या मालकाची निंदा करू नका, पुढचं बोला. मी पहिल्या मुलाखतीत वीस मिनिटं बोलले होते. समोरच्या बाईने पाचव्या मिनिटाला पेनचं टोपण लावलं होतं, तरी मी थांबले नव्हते. माझा स्वभावच तसा, एकदा तोंड उघडलं की उघडलं.

फक्त जिथे उघडायला हवं होतं, तिथे ते मिटलेलं राहिलं.

मी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअर होते. लोखंड वितळवून त्याचे भाग ओतायचे, ते काम. वितळलेला रस भट्टीतून ज्या मोठ्या भांड्यात घेतात त्याला लॅडल म्हणतात. रस घेण्याआधी लॅडल बर्नरने आतून खडखडीत तापवावी लागते. आत जरा जरी ओल राहिली तर रस पडताच तिची वाफ होते आणि रस उसळून माणसाच्या अंगावर येतो. म्हणून प्रत्येक पाळीला एक कागद भरायचा: लॅडल तापवली का, किती वेळ, कुणी बघितली. खाली क्वालिटीची सही. ती सही माझी.

पाळ्या तीन आणि सही करणारी मी एकटी. आमच्याकडे त्याला उपाय होता. सोमवारी सकाळी, चहा यायच्या आधी, मी आठवडाभराच्या सगळ्या कागदांवर सह्या मारून मोकळी व्हायचे. तारीख आणि वेळ पाळीवरचा माणूस नंतर घालायचा. 'सोमवारची सही' म्हणायचे तिला. माझ्या आधीचा इंजिनिअर तेच करायचा, मीही शिकले. मला कधी त्यात काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, उलट काम लवकर आवरल्याचं बरंच वाटायचं.

एका गुरुवारी दुपारच्या पाळीला बर्नर बंद पडलेला होता. गाडी माल न्यायला दारात उभी होती. लॅडल तशीच भट्टीखाली लावली. शामू तिथे होता. उचगावचा, चाळिशीतला, कामात तरबेज माणूस. तो वाचला. त्याचे दोन्ही डोळे गेले.

कागदावर त्या दिवशीची तारीख पडलेली होती. लॅडल चाळीस मिनिटं तापवली असं लिहिलेलं होतं. खाली माझी सोमवारची सही.

आमचे मॅनेजर भरमाअण्णा. ते रागावणारे नव्हेत. सदरा पांढराशुभ्र, खिशात लवंगांची चपटी डबी, बोलताना एक लवंग दाढेखाली. मी त्यांना सांगायला गेले की चौकशीला इन्स्पेक्टर आले की मी खरं सांगणार, सही सोमवारची आहे. त्यांनी दार लावून घेतलं, मला बसायला सांगितलं आणि एक लवंग पुढे केली.

"सांग की," ते म्हणाले. "सही कुनाची हाय? तुझी. न बघता सही केलीस म्हंजे चूक कुनाची? तुझी. तुलाच आत घालतील बाळ. त्यापरास राजीनामा लिही. घरची अडचण म्हन. अनुभवाचं पत्र सोच्छ देतो."

उद्यमबागेत कुणीही नोकरी सोडली की कागदावर हेच कारण असतं. पगार थकला, शिवी खाल्ली, बोट गेलं, कारण घरची अडचण. घरं बिचारी गप्प असतात, म्हणून सगळं त्यांच्यावर ढकलता येतं. मी पण लिहिलं. इन्स्पेक्टर आले तेव्हा मी निपाणीत होते. कागदावरून त्यांना दिसलं की लॅडल तापलेली होती. मग ओल आली कुठून? कंपनीने सांगितलं, शामूने रसावरची मळी काढायची सळी ओली घातली. म्हणजे चूक शामूची.

महिन्यापूर्वी शामूची बायको जयाबाई निपाणीला आली. उचगावहून दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत. पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्याडम, तुमी नोकरी का सोडलासा?"

मला माहीत होतं ती काय विचारते आहे. कामगार कार्यालयात सुनावणी लागली होती आणि तिला साक्ष हवी होती. आप्पा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. माझ्या तोंडून निघालं, "घरची अडचण होती हो, जयाक्का."

तिने आमच्या घराकडे एकदा बघितलं. पंखा, टीव्ही, आप्पांचा इस्त्रीचा सदरा.

"व्हय," ती म्हणाली. "अडचन तर आमच्या घरात हाय." आणि उठून गेली.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या मागे लागलेलं आहे. जेवताना येतं, केस विंचरताना येतं. मला स्वतःची लाज वाटते, ही गोष्ट सरळ सांगते.

कारखाना संकेश्वरच्या अलीकडे, उसाच्या फडांच्या मधोमध. पत्रे नवे, फाटक नवं, पण आत मशीनचा आवाज नव्हता. वॉचमनने वहीत माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. वेळही लिहिली होती, अकरा. तेव्हा अकराला दहा कमी होते. मी सही तेवढी केली.

खोलीत शिरल्याबरोबर कसला तरी ओळखीचा वास आला. कसला ते कळेना. टेबलामागे तिशीतला माणूस होता, समर्थ नावाचा, एचआरचा. त्याच्या पाठीमागे आतल्या खोलीचं दार, अर्धवट लोटलेलं.

"बर्री, कूडरी," त्याने कन्नडमध्ये बसवून घेतलं आणि मग मराठीवर आला. शिक्षण विचारलं, फाउंड्रीतलं काम विचारलं. माझी उत्तरं तो फारशी लिहून घेत नव्हता. समोर माझं अनुभवाचं पत्र होतं, जे मी अजून बॅगेतून काढलं नव्हतं. त्याच्याकडे त्याची झेरॉक्स होती.

"हे तुमच्याकडे कसं?"

"आम्ही आधी चौकशी करतो मॅडम. सगळे करतात." मग तो हसला. "आता सांगा, आधीची नोकरी का सोडलात?"

"घरची अडचण होती," मी म्हणाले. "आता मिटली आहे. पुढे शिकायला मिळेल अशी जागा हवी आहे."

"काय अडचण?"

हा प्रश्न येऊ शकतो हे माहीत होतं. "वडिलांची तब्येत."

"आता बरे आहेत?"

"हो."

"परत बिघडली तर आमची पण नोकरी सोडाल?"

"नाही. धाकटा भाऊ आहे घरी." मला भाऊ नाही. इतक्या सहज मी तो जन्माला घातला की माझं मलाच नवल वाटलं.

समर्थने खुर्चीत मागे टेकत मान डोलवली. "छान. आणखी काही? कंपनीत काही वाद, काही घटना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"तुम्ही फार बोलत नाही असं ऐकलं होतं. खरं निघालं." त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. "जागा तुमची समजा. पगार आधीपेक्षा जास्त. एवढं भरून द्या."

खोटं बोलले आणि जागा मिळाली. इतकं सोपं होतं तर मी चार महिने कशाला वाया घालवले, असं क्षणभर वाटलं. आप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी पेन काढलं.

फॉर्म नेहमीचा होता. नाव, शिक्षण, आधीच्या नोकरीच्या तारखा, आणि शेवटी 'आधीची नोकरी सोडण्याचे कारण'. मात्र या शेवटच्या रकान्याला अर्धं पान जागा सोडलेली. असा फॉर्म मी बघितला नव्हता. बाकी सगळीकडे या कारणाला एक ओळ मिळते. मी 'घरची अडचण' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"दोन ओळी वाढवा," समर्थ म्हणाला. "कंपनीबद्दल काही तक्रार नव्हती. सुरक्षेची व्यवस्था चांगली होती. तपासणी रोजच्या रोज माझ्या देखरेखीखाली होत होती. असं लिहा."

"नोकरीच्या फॉर्मवर हे कशाला?"

"मॅनेजमेंटला लागतं. तुमच्याच फायद्याचं आहे, रेकॉर्ड स्वच्छ राहतं."

मी परत पेन उचललं. खरंच उचललं, ते लपवत नाही. 'तक्रार नव्हती' हे शब्द हातात आले होते. खाली सहीची जागा होती, आणि सहीशेजारी तारखेची. मी आधी तारीख घालायला गेले. सोमवारच्या त्या सह्यांनंतर मला ही सवय लागली आहे, आधी तारीख, मग सही.

समर्थने हात आडवा घातला. "तारीख राहू दे. सही तेवढी करा. तारीख आम्ही घालतो नंतर."

तेव्हा मला वास ओळखू आला. लवंगेचा.

टेबलावर लवंग नव्हती. समर्थच्या तोंडात नव्हती. वास त्या लोटलेल्या दाराच्या आतून येत होता. मग आत डबीचं झाकण टक् करून मिटलं. हा आवाज मी तीन वर्षं रोज ऐकला होता.

सगळं एकदम कळलं, मघाशी बसताना कळायला हवं होतं ते. बंद मशीनं, आपणहून आलेला फोन, अर्ध्या पानाचं कारण. शामूची सुनावणी येत्या सोमवारी होती. या कागदावर अण्णा हवी ती तारीख घालणार आणि तिथे ठेवणार. बघा साहेब, क्वालिटीच्या मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, तपासणी रोज बघून होत होती. त्यानंतर मी शंभर वेळा खरं सांगितलं असतं तरी कोण ऐकणार होतं?

परत एकदा माझी सही, परत दुसऱ्याची तारीख, आणि परत शामू.

मी पळून गेले असते. पण राग आला, आणि राग आला की मला पळता येत नाही. मी तारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख ठळक घातली. 'घरची अडचण' खोडलं नाही. त्याच्यापुढे लिहायला लागले. अर्धं पान त्यांनीच दिलं होतं, ते पुरलं. समर्थला उलटं वाचता येत नसावं, कारण तो समाधानाने बघत होता. मी सही केली, नाव लिहिलं, कागदाची घडी घातली आणि बॅगेत टाकली.

"मॅडम, फॉर्म कंपनीचा आहे."

"सही माझी आहे," मी म्हणाले आणि उठले.

दार उघडलं आणि भरमाअण्णा बाहेर आले. तोच पांढरा सदरा. मला वाटलं वाट अडवतील. त्यांनी अडवली नाही.

"आप्पा कसं हाईत?" त्यांनी मायेनं विचारलं. "सकाळी दारात बसून बूट पुसत हुते म्हनं. वय झालं की त्यांचं. जपाय पायजे."

आमच्या दारासमोर सकाळी कोण उभं होतं, ते मी आठवायला लागले.

"जा तू," ते म्हणाले. "बस मिळंल तुला. तू लिवलंस काय, न्हाय लिवलंस काय, काम व्हायचं थांबत न्हाय."

वॉचमनने फाटक उघडलं. वहीत माझ्या नावापुढे बाहेर जायची वेळही आधीच लिहिलेली होती.

निपाणीची बस लगेच मिळाली. खिडकीजवळ बसल्यावर मी पहिल्यांदा आप्पांना फोन लावला. "आत जाऊन बसा, कडी लावा," म्हटलं. ते का, का करत राहिले. नोकरी मिळाली का, विचारत राहिले. नाही मिळाली, सांगितलं. मग जयाबाईचा नंबर काढला. 'काम व्हायचं थांबत न्हाय' हे अण्णांचं बोलणं मला टोचत होतं. ते पोकळ धमकी देणारे नव्हेत.

बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"म्याडम?" जयाबाईचा आवाज दबका होता. "तुमाला कसं कळलं? आत्ता कंपनीचा मानूस येऊन बसलाय की."

"काय म्हणतोय?"

"कागद आनलाय. सळी वली हुती, माजी चूक झाली, असं ह्येंच्याकडनं लिहून मागतोय. म्हनतोय, तुमी लिहून दिलंयसा, तपासनी रोज हुईत हुती म्हनून. आता सोमवारी काय बी उपेग न्हाय म्हनतोय. ह्येनी अंगठा पुढं केलाय बगा. सही कराय दिसत न्हाय न्हवं."

मी घड्याळ बघितलं. समर्थने माझ्यापुढे फॉर्म सरकवला त्याला अजून अर्धा तास झाला नव्हता. उचगावला जाणारा माणूस त्याच्या कितीतरी आधी निघाला असणार. मी सही करायच्या आधीच माझी सही कामाला लागली होती. अण्णांना माझी न बघता सही करायची सवय पक्की माहीत होती.

"जयाक्का, अंगठा द्यायचा नाही. मी तसं काही लिहून दिलेलं नाही. लिहिलंय ते माझ्याजवळ आहे. फोन मोठ्या आवाजावर टाका."

"तो मानूस हितंच हाय की."

"असू दे. त्यालाही ऐकू दे. शामूच्या जवळ धरा."

पलीकडे खुडबूड झाली. कुणीतरी पुरुष म्हणाला, "कोन हाय? ठेव तो फोन." मग जयाबाईचा आवाज, आता दबका नसलेला, "तुमी गप बसा वो जरा."

मी कागदाची घडी उलगडली. बसमध्ये पुढच्या बाकावरची दोन माणसं मागे वळून बघायला लागली.

"आधीची नोकरी सोडण्याचे कारण," मी वाचायला सुरुवात केली. "घरची अडचण. घर माझं नाही, उचगावच्या शामूचं. त्या गुरुवारी लॅडल तापवलेली नव्हती, बर्नर बंद होता. तापवली असं सांगणाऱ्या कागदावर माझी सही आहे. ती मी न बघता सोमवारीच केली होती. ही चूक माझी आहे. शामूची नाही. हे सांगायला निघाले तेव्हा माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला, आणि मी भिऊन लिहून दिला. म्हणून नोकरी सोडली."

पलीकडून शामूचा आवाज आला. अपघातानंतर मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"म्याडम," तो म्हणाला, "तारीख घातलीसा न्हवं?"

"घातली," मी म्हणाले. "आजचीच."